पासबुकात तीन हजार, मागणी दीड लाखाची

आमच्या महिला बचत गटाची पहिली बैठक झाली ती 3 जून 2022 ला, शुक्रवारी, मारुतीच्या देवळामागच्या समाजमंदिरात. गाव वसमत तालुक्यातलं, चहूकडं हळद आणि सोयाबीन. आम्ही अकरा जणी होतो. आठवड्याला प्रत्येकी 25 रुपये ठरले, म्हणजे दर शुक्रवारी 275. मी बारावी झालेली, अक्षर बरं म्हणून मला सचिव केलं. माझ्या थोरल्या जाऊबाई अध्यक्ष झाल्या आणि गल्लीतल्या आक्का कोषाध्यक्ष, कारण त्यांच्या घरी कुलूप लागणारं कपाट होतं.

उमेदच्या, म्हणजे राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, सीआरपी ताई गावातल्या गटांना मार्गदर्शन करतात. त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं की सहा महिने नीट चाललात तर बँक कर्ज देते. आमच्यापैकी बहुतेकींनी त्याचा अर्थ असा लावला की सहा महिने पैसे बँकेत साठवायचे आणि मग त्या साठ्यावर बँक काहीतरी देणार. मलाही तसंच वाटलं होतं. या समजापायी पुढं आमची बरीच ओढाताण झाली. कर्ज बचतीशी जोडलेलं असतं हे खरं, पण ते नेमकं कशाशी जोडलेलं असतं हे आम्हाला डिसेंबर उजाडेपर्यंत कळलं नव्हतं.

आधी खात्याचं सांगते.

खातं काढायला आम्ही जुलैच्या शेवटी गेलो. बँकेची शाखा गावापासून नऊ किलोमीटरवर. सोबत खातं उघडायचा ठराव नेला होता. कोणत्या बैठकीत ठरलं, खातं कोणत्या नावानं असेल, व्यवहार कोण पाहील आणि तिघींपैकी कोणत्याही दोघींच्या सहीनं पैसे निघतील, एवढं त्यात लिहिलं होतं. खाली अकरा जणींच्या सह्या आणि अंगठे. तिघी पदाधिकाऱ्यांचे आधार, फोटो आणि गटाचा शिक्का. काउंटरवरच्या साहेबांनी कागद उलटेपालटे केले आणि म्हणाले, "अकराही जणींना घेऊन या. सगळ्यांचे आधार, सगळ्यांचे पॅन."

ऐन खुरपणीचे दिवस. अकराही जणींचा रोज बुडवून, टमटममध्ये कोंबून आम्ही पुढच्या सोमवारी गेलो. पाच जणींकडं पॅन नव्हतंच. मग गटाचंही पॅन लागेल असं निघालं. परत पाठवलं.

त्या आठवड्यात बँक सखी आमच्या बैठकीला आली. ही बाई आमच्यासारखीच एका गटातली, पण शाखेत बसून गटांची कामं पाहणारी. तिनं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. बचत खातं उघडताना फक्त पदाधिकाऱ्यांची ओळख तपासली तरी पुरतं, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. सगळ्या सभासदांची तपासणी पुढं कर्जाच्या वेळी करता येते. गटाच्या पॅनसाठी तर बँकेनं अडूनच बसायचं नाही, त्याऐवजी फॉर्म 60 भरून घ्यायचा. ती म्हणाली, "तुम्ही भांडू नका, मी सोबत येते."

ती सोबत आली तरी एक घोळ आमच्याच हातचा निघाला. शिक्क्यावर आम्ही 'महिला बचत गट' असं करून आणलं होतं, कारण गावात सगळे तेच म्हणतात. ठरावात मात्र सीआरपी ताईंच्या नमुन्यावरून 'महिला स्वयंसहाय्यता समूह' लिहिलं होतं. पुढचं नाव एकच, शेपूट वेगळं. साहेब म्हणाले, ही दोन नावं झाली. आणि या बाबतीत त्यांचं बरोबर होतं, कारण खात्यावर जे नाव चढतं तेच पुढं उमेदकडून आपसांत फिरवायला मिळणाऱ्या फिरत्या निधीच्या यादीत, कर्जाच्या अर्जात, करारनाम्यात यावं लागतं. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर निधी आला तरी परत जाऊ शकतो. वसमतला जाऊन 180 रुपयांना नवा शिक्का केला. 29 ऑगस्टला खातं उघडलं, तेव्हा गट सुरू होऊन जवळजवळ तीन महिने झाले होते.

तोवरचे पैसे कुठं होते? आक्कांच्या कपाटात नव्हते, एवढं मी छातीठोक सांगू शकते. चौथ्या-पाचव्या बैठकीपासूनच आम्ही आपसांत कर्ज द्यायला लागलो होतो. पहिलं 1,000 रुपयांचं, एकीच्या पोराच्या दवाखान्यासाठी. शेकडा दोन रुपये महिना व्याज. सावकार आमच्याकडं शेकडा पाच घेतो. मग कुणाला खतासाठी, कुणाला शाळेच्या गणवेशासाठी. शुक्रवारी 275 जमायचे, जुन्या कर्जातलं थोडं परत यायचं आणि बैठक उठायच्या आत तेच पैसे दुसरीच्या पदरात जायचे. खातं उघडल्यावरही आम्ही तेच चालू ठेवलं. ऑक्टोबरात उमेदकडून 15,000 रुपयांचा फिरता निधी खात्यावर आला. तोही पंधरा दिवसांत चार जणींना वाटला गेला. जाऊबाई कुरकुरल्या होत्या, "निदान दहा हजार तरी ऱ्हाऊ द्या खात्यात, बँकवाले बघतील." मला त्यांचं पटत होतं. पण सीआरपी ताई अडून बसल्या, फिरता निधी नावाप्रमाणं फिरलाच पाहिजे म्हणाल्या.

2 डिसेंबरला आम्ही कर्जाचा अर्ज घेऊन शाखेत गेलो. अर्ज, कर्ज मागणीचा ठराव, सभासदांची यादी, आणि कोणाला कशासाठी किती हवेत त्याचा सूक्ष्म पत आराखडा. मागणी दीड लाखाची.

कर्जाचं काम पाहणारे अधिकारी वेगळे होते, तरुण, बोलायला सभ्य. त्यांनी पासबुक मागितलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ताई, खात्यात 3,040 रुपये आहेत. आणि तुम्ही दीड लाख मागताय?"

जाऊबाईंनी माझ्याकडं अशी नजर टाकली की मी आजही विसरले नाही.

पुढं ते म्हणाले, खातं ऑगस्टच्या शेवटी उघडलंय, म्हणजे सहा महिने फेब्रुवारीत होतील. आणि कर्ज बचतीच्या चौपट. तुमची बचत सात हजार धरली तरी 28 हजारांच्या वर जात नाही. एवढं कर्ज अकरा जणींत वाटायला माझे कागदही महाग पडतील, असं हसून म्हणाले. आम्ही तसेच उठून आलो.

त्या संध्याकाळी बँक सखीनं माझ्यासमोर वही उघडून जो हिशोब मांडला, तो मी नंतर कितीतरी गटांना मांडून दाखवला आहे. म्हणून इथंही सगळा देते.

पहिली गोष्ट, सहा महिने मोजायचे ते गटाच्या दप्तरावरून, खातं उघडल्याच्या तारखेवरून नाही. आमचं इतिवृत्त 3 जूनपासूनचं होतं, म्हणजे 25 नोव्हेंबरला 26 आठवडे पुरे झाले होते. दुसरी गोष्ट, उमेदच्या गटाला पहिलं कर्ज बचतीवर नाही, गटाच्या निधीवर मोजतात. इंग्रजीत त्याला कॉर्पस म्हणतात. त्यात सभासदांची बचत येते, आपसांतल्या कर्जावर मिळालेलं व्याज येतं, आणि फिरता निधीही येतो. आमची बचत 275 गुणिले 26, म्हणजे 7,150. व्याज जमलं होतं 860. फिरता निधी 15,000. झाले 23,010. पहिलं कर्ज या निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यांत जे जास्त असेल ते. सहापट केली तर 1,38,060 येतात. दीड लाख त्याहून जास्त, म्हणून दीड लाख. चौपटीचा हिशोब पूर्वीचा, तेव्हा बचतीच्या एकपट ते चौपट कर्ज देत. साहेबांच्या डोक्यात तोच बसलेला होता.

आणि पासबुकातल्या 3,040 चं काय? ती म्हणाली, हे 23,010 आत्ता कुठं कुठं आहेत ते सांग. मी खातेवही काढली. सभासदांकडं येणं कर्ज 19,500, खात्यात 3,040, आक्कांकडं हातशिल्लक 470. बेरीज बरोब्बर 23,010. "मग आता तूच सांग," ती म्हणाली, "खात्यात 20 हजार पडून असते तर साहेबाला काय दिसलं असतं? की या बायकांना पैशाची गरज नाही, नाहीतर एकमेकींवर विश्वास नाही. गटाला गुण देताना बचत किती वेळा फिरली ते बघतात. पडलेल्या पैशाला गुण नाहीत."

मी रात्री तो हिशोब पुन्हा एकदा स्वतः मांडून पाहिला. जाऊबाई आणि मी ज्याला आमचं कमीपण समजत होतो, तीच आमची जमेची बाजू होती. पण ती पासबुकात दिसत नाही, खातेवहीत दिसते. पासबुक बँक छापून देते, खातेवही आम्हालाच लिहावी लागते. साहजिकच साहेबांनी आधी स्वतःचा कागद पाहिला.

दुसऱ्या दिवशी बँक सखी नियमाचं परिपत्रक घेऊन शाखेत गेली. मी सोबत गेले नाही, घरी हळदीचं पाणी होतं. तिनं फोनवर सांगितलं की साहेबांनी वाचलं, मान डोलावली आणि बैठकीला येतो म्हणाले. ते सोळा डिसेंबरला आले. आणि तिथं मात्र माझीच चूक चव्हाट्यावर आली.

गटाची तपासणी म्हणजे ग्रेडिंग. बैठका नियमित आहेत का, हजेरी किती, बचत वेळेवर येते का, आपसांत कर्ज फिरतं का, परतफेड कशी आहे, दप्तर कुणी लिहिलंय, यावर गुण पडतात. साहेब सतरंजीवर आमच्यातच बसले. पदाधिकाऱ्यांना काही विचारलंच नाही. कोपऱ्यातल्या एका वहिनींना विचारलं, तुमची एकूण बचत किती झाली? त्या म्हणाल्या, सातशे. मग दुसरीला, शेकडा किती व्याज? तिनंही बरोबर सांगितलं. मला हायसं वाटलं. मग त्यांनी इतिवृत्ताची वही घेतली आणि पानं उलटत जूनवर आले.

जूनच्या शेवटी पेरणीची घाई होती. 24 जून आणि 1 जुलै, दोन्ही शुक्रवारी बैठक झालीच नव्हती. पैसे आम्ही 8 जुलैला एकदम घेतले होते, प्रत्येकीकडून 75. पण वहीत दोन रकाने मोकळे सोडायला मला कसंतरी वाटलं, म्हणून ऑगस्टात एका दुपारी बसून मी दोन्ही बैठका लिहून काढल्या. निळ्या जेल पेननं. बाकी सगळी वही साध्या काळ्या बॉलपेननं होती. अकरा सह्या मी घरोघर जाऊन घेतल्या.

साहेबांनी त्या दोन पानांवर अंगठा फिरवला. काही बोलले नाहीत. मग आमच्यातल्या सगळ्यात वयस्क मावशींकडं वळून सहज विचारलं, "मावशी, 24 जूनला काय ठरलं होतं बैठकीत?"

"मी कुठं होते तवा," मावशी म्हणाल्या, "लेकीचं बाळंतपण होतं, म्या नांदेडला दवाखान्यात होते की."

वहीत त्यांचा अंगठा होता.

मला जमीन फाटेल तर बरं असं झालं. मी खरं काय ते सांगून टाकलं. साहेबांनी वही मिटली आणि शांतपणे म्हणाले की बैठक झाली नाही याचे गुण थोडे गेले असते. न झालेली बैठक लिहिली तर बाकीची पानंसुद्धा मी खरी कशी मानू? ग्रेडिंग महिनाभर पुढं गेलं. पुढच्या शुक्रवारी आम्ही रीतसर ठराव केला की अमुक दोन तारखांना बैठक झाली नाही, नोंद चुकीची होती, बचत 8 जुलैला जमा झाली. ती दोन पानं फाडली नाहीत. त्यांवर आडवी रेघ मारून 'रद्द' लिहिलं आणि खाली आम्ही तिघींनी सह्या केल्या. पान फाडलं असतं तर आणखी एक प्रश्न उभा राहिला असता. तेव्हापासून बैठक झाली नाही तर मी तारीख टाकून 'बैठक झाली नाही, कारण' एवढंच लिहिते.

जानेवारीत साहेब पुन्हा आले. वही पाहिली, रद्द केलेली पानं पाहिली, 26 आठवड्यांत 24 बैठका असं स्वतःच्या कागदावर लिहिलं. या वेळी गुण पुरेसे पडले. जाताना मात्र एक बोलून गेले, "फिरत्या निधीचे 15 हजार खात्यावर होल्डला ठेवा, म्हणजे मला वर पटवायला सोपं जाईल." आधीची मी असते तर हो म्हणाले असते. आता मला माहीत होतं की 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण नाही, गटाच्या बचत खात्यावर बोजा चढवायचा नाही आणि ठेव मागायची नाही. मी म्हणाले, साहेब, ते 15 हजार चार जणींच्या घरात आहेत, काढून कुठनं आणू? ते हसले आणि विषय सुटला. माणूस वाईट नव्हता. वसुलीची भीती असते त्यांनाही.

यानंतर खरी अडचण आली ती कागदाची नव्हती, माणसाची होती. कर्जाच्या वेळी अकराही जणींची तपासणी झाली. आधार, फोटो, आणि कुणाचं कुठं थकलंय का. त्यात मावशींचं नाव निघालं. नवरा गेल्यावर दोन एकर त्यांच्या नावावर झालेलं, त्यावर 2020 च्या खरिपात याच शाखेतून घेतलेलं पीक कर्ज, तेव्हापासून थकीत. साहेबांनी निरोप पाठवला की एक सभासद थकबाकीदार आहे, फाईल अडकली.

शुक्रवारची बैठक तापली. दोघी-तिघी स्पष्टच म्हणाल्या, मावशींचं नाव कमी करा. एक वहिनी तर म्हणाल्या, तसंही त्यांच्यामुळंच डिसेंबरात घोळ झाला होता. हे ऐकून मला बोलावंसं वाटलं, कारण घोळ माझ्यामुळं झाला होता, मावशी फक्त खरं बोलल्या होत्या. पण माझ्या आधी मावशीच म्हणाल्या, "काढा बाई मला. माझ्यापायी धा जणींचं कामून अडवायलेत."

बँक सखी त्या दिवशी योगायोगानं हजर होती. तिनं थांबवलं. एखाद्या सभासदाची किंवा तिच्या घरच्या कुणाची थकबाकी असली तरी गटाचं कर्ज सहसा अडवायचं नाही, गट स्वतः थकबाकीदार नसला म्हणजे झालं. अट एवढीच की बँकेकडून मिळालेल्या कर्जातले पैसे त्या थकबाकीदार सभासदाला द्यायचे नाहीत. मावशी गटात राहू शकतात, बचत करू शकतात, गटाच्या स्वतःच्या पैशातून कर्जही घेऊ शकतात.

मग पत आराखडा पुन्हा उघडला. पहिल्या आराखड्यात सगळ्यांच्या मागण्या मिळून 2,90,000 झाल्या होत्या, दीड लाखात त्या बसवायच्या होत्या. दोन बैठका त्यातच गेल्या. शेवटी सहा जणींना द्यायचं ठरलं. एकीला म्हशीसाठी 40,000, एकीला सावकाराचं फेडायला 30,000, एकीला हळद काढणी आणि शिजवणीच्या मजुरीला 25,000, दोघींना शेळ्यांसाठी आणि किराणा दुकानात माल भरायला 20-20 हजार, आणि शिलाई मशीनला 15,000. सावकाराचं फेडायला बँकेचे पैसे चालतील का, अशी शंका मी काढली होती. चालतात. महागडं कर्ज फेडणं हेही एक काम धरतात, फक्त आराखड्यात ते तसंच लिहायचं. शेळ्या लिहून सावकाराला दिले तर नंतर शेळ्या बघायला माणूस येतो तेव्हा पंचाईत होते.

आणि मावशींना बोअरची मोटर दुरुस्त करायला 6,000 हवे होते, ते आम्ही गटाच्या बचतीतून दिले. ज्या वहिनी जास्त बोलल्या होत्या, त्यांनीच ती सूचना मांडली. त्यांनी ती कशामुळं मांडली ते मी विचारलं नाही.

यानंतर आपसांतला करारनामा, ज्यात अकराही जणी कबूल करतात की गटाच्या वतीनं कोण सह्या करील आणि परतफेडीची जबाबदारी सगळ्यांची मिळून राहील. मग बँकेचा कर्ज करारनामा. या दिवशी मात्र सगळ्या अकरा जणींना जावंच लागलं. टमटमवाला आता ओळखीचा झाला होता, त्यानं दहा रुपये कमी घेतले.

फेब्रुवारी 2023 मध्ये दीड लाख गटाच्या कर्ज खात्यातून बचत खात्यात आले आणि तिथून सहा जणींच्या खात्यावर गेले. व्याज वर्षाला 7 टक्के, मुदत 24 महिने, हप्ता 6,716 रुपये, दर महिन्याच्या दहा तारखेला. सभासदांना आम्ही शेकडा एक रुपया महिना दरानं दिलं, म्हणजे वर्षाला 12 टक्के. मधला फरक गटाच्या निधीत जातो. यावरून बाहेरचे लोक आम्हाला टोमणे मारतात की तुम्ही पण सावकारी करता. पण हा फरकच हप्ता चुकायच्या दिवशी कामाला येतो. जुलैत म्हैस आटली तेव्हा त्या वहिनींचा हप्ता पुरा आला नाही. नऊ तारखेच्या रात्री आमच्याकडं 5,900 जमले होते, 816 कमी. ते आम्ही निधीतून भरले आणि त्या वहिनींच्या नावावर उचल म्हणून लिहिले. बँकेच्या वहीत आमचा हप्ता वेळेवर पडला. दोन वर्षांत असं चार वेळा झालं. बँकेला एकदाही कळलं नाही, आणि कळायचं कारणही नव्हतं.

शेवटचा हप्ता फेब्रुवारी 2025 मध्ये गेला. तोवर निधी 80 हजारांच्या आसपास पोचला होता. दुसऱ्या कर्जाला निधीच्या आठपट किंवा किमान 3 लाख, यांत जे जास्त ते, म्हणजे आम्हाला सहा लाखांच्या वर मागता आलं असतं. आता नवे साहेब आलेत. त्यांनी तर स्वतःहून सांगितलं, मागा की. बैठकीत यावर चांगली जुंपली. तीन लाखांपर्यंत 7 टक्के व्याज आहे, त्याच्या वर गेलं की दर वाढतो, हे मी फळ्यावर लिहून दाखवलं. किराणावाल्या वहिनींना तरी पाच हवे होते. जाऊबाई म्हणाल्या, हप्ता कुठनं आणणार ते आधी सांगा. तीन लाखांवर ठरलं, अकरापैकी सात विरुद्ध चार.

मावशींनी पीक कर्ज हळदीला भाव आला त्या साली भरून टाकलं आणि पुढच्या खरिपात नवंजुनं करून घेतलं. दुसऱ्या आराखड्यात त्यांच्या नावापुढं 35,000 आहेत, ठिबकसाठी. अंगठा उठवायच्या आधी त्यांनी मला तारीख विचारली, वार विचारला, आणि म्हणाल्या, "आज म्या हितंच हाय, नीट लिही."